पांढऱ्या चौकोनांची साक्ष

वैद्यकीय परीक्षांत हमखास येणारा एक प्रश्न आहे. कागदावर तीन-चार पिढ्यांचा तक्ता असतो, त्यात काही चौकोन, काही वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. नाव-गाव काही नसते. खाली एवढेच विचारलेले असते की या कुटुंबातला आजार कोणत्या पद्धतीने वारशात येतो आहे. मुलांनी क्लासमध्ये उत्तर घोकलेले असते: प्रत्येक पिढीत दिसला तर ऑटोसोमल डॉमिनंट, पिढी गाळून आला तर ऑटोसोमल रिसेसिव्ह, आणि फक्त पुरुषांतच दिसला तर एक्स-लिंक्ड. सोप्या प्रश्नांना हे पुरते. जरा वाकडा प्रश्न आला की पुरत नाही, कारण या सूत्रात लक्ष फक्त काळ्या, म्हणजे आजारी माणसांवर असते. तक्त्यातली निम्मी माहिती पांढऱ्या खुणांमध्ये असते आणि तिकडे कोणी बघत नाही.

आधी खुणा समजून घेऊ. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. आजारी माणसाची खूण काळी भरतात, निरोगी माणसाची कोरी ठेवतात. चौकोन आणि वर्तुळ आडव्या रेघेने जोडले की ते जोडपे, आणि त्या रेघेतून खाली उतरलेली रेघ त्यांच्या मुलांकडे जाते. भावंडे डावीकडून उजवीकडे वयाच्या क्रमाने लावतात. नवरा-बायको मुळात नात्यातले असतील तर मधली रेघ दुहेरी काढतात. ज्या माणसामुळे कुटुंब डॉक्टरांकडे आले त्याच्याकडे एक बाण दाखवतात. मेलेल्या माणसाच्या खुणेवर तिरकी रेघ मारतात. एवढे कळले की तक्ता वाचता येतो.

आता एक खराखुरा तक्ता घेऊ. तूर्त नावे झाकून ठेवू, परीक्षेत असतात तशी. पहिल्या पिढीत एक जोडपे आहे, दोघेही पांढरे. त्यांना नऊ मुले, चार मुलगे आणि पाच मुली. नवांपैकी फक्त एक चौकोन काळा आहे. तिसऱ्या पिढीत दोन काळे चौकोन आहेत, दोन वेगवेगळ्या बहिणींच्या घरात. चौथ्या पिढीत सहा काळे चौकोन आहेत आणि ते चार घरांत विखुरलेले आहेत: एका बहिणीच्या दोन लेकींच्या घरी मिळून तीन, दुसऱ्या बहिणीच्या लेकीच्या घरी दोन, आणि दुसऱ्या पिढीतला जो काळा चौकोन होता त्याच्या लेकीच्या घरी एक. एकूण नऊ आजारी, सगळे पुरुष. त्यांच्या आया सगळ्या पांढऱ्या, बापही सगळे पांढरे. आणि तिसऱ्या पिढीतल्या एका जोडप्याच्या मुलांच्या वरची रेघ दुहेरी आहे, म्हणजे ते आई-बाप एकमेकांचे सख्खे चुलत-मावस-आते-मामे यांपैकी काहीतरी आहेत.

उत्तर ओळखण्याआधी शाळेतली उजळणी थोडी करावी लागेल. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बावीस जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच. त्यांना ऑटोसोम म्हणतात. त्यांच्यावरच्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची आणि एक बापाची. एकच प्रत बिघडली तरी आजार होत असेल तर तो प्रभावी, म्हणजे डॉमिनंट. दोन्ही बिघडल्याशिवाय होत नसेल तर अप्रभावी, म्हणजे रिसेसिव्ह. तेविसावी जोडी वेगळी: स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. पुरुषाचा एक्स आईकडूनच आलेला असतो, कारण बापाने त्याला वाय दिलेला असतो. त्याच्या एक्सवरचे जनुक बिघडले तर सांभाळून घ्यायला दुसरी प्रत नाही. बाईकडे ती असते, म्हणून ती बहुधा निरोगी राहते आणि दोष पुढे नेते. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात.

या तीन पर्यायांना एकेक करून तक्त्यासमोर उभे करू.

प्रभावी दोष असता तर आजारी माणसाच्या आई-बापांपैकी एक तरी आजारी असायला हवा होता. इथे नऊच्या नऊ आजाऱ्यांचे आई-बाप पांढरे आहेत. एखाद्या वेळी दोष अंगात असूनही दिसत नाही, हे मान्य. पण नऊ वेळा हीच सबब सांगणे म्हणजे फारच झाले. प्रभावी बाद.

अप्रभावी? निरोगी आई-बापांच्या पोटी आजारी मूल, हे लक्षण जुळते. शिवाय ती दुहेरी रेघ खुणावते आहे, कारण नात्यात लग्न दिसले की अप्रभावी म्हणायचे, हेही घोकलेले असते. पण अप्रभावी दोषासाठी प्रत्येक आजारी मुलाच्या आईबरोबर बापही वाहक हवा. आपल्या तक्त्यात हे बाप सहा वेगवेगळ्या घरांतून आलेले जावई-पुरुष आहेत. दुर्मीळ दोष सहाही जणांकडे योगायोगाने असावा, हे पटत नाही. दुसरे असे की ऑटोसोमवरचा दोष मुलगा-मुलगी बघत नाही. प्रत्येक आजारी मूल मुलगा असण्याची शक्यता निम्मी धरली तर नऊच्या नऊ मुलगे निघण्याची शक्यता निम्म्याचे निम्मे असे नऊ वेळा, म्हणजे ५१२त एक. दुहेरी रेघ इथे चकवा आहे. त्या घरातले दोन आजारी मुलगे आईकडून आलेल्या दोषाने आजारी झाले. बाप नात्यातला नसता तरी तेच झाले असते.

उरला एक्स-लिंक्ड रिसेसिव्ह. प्रत्येक काळ्या चौकोनापासून वर बोट सरकवत न्या. दर वेळी वाट आईतूनच जाते. तीन काळ्यांच्या बाबतीत ती आई पहिल्या दोन पिढ्यांतलीच आहे, बाकीच्यांच्या बाबतीत आजीपर्यंत किंवा आजोबापर्यंत जावे लागते. आजोबापासून नातवापर्यंत दोष गेला आहे ती जागा सर्वांत बोलकी आहे. दुसऱ्या पिढीतल्या काळ्या पुरुषाला एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीला बापाचा एकुलता एक एक्स मिळणारच, तेव्हा ती वाहक असणे अटळ होते, तिचा मुलगा आजारी निघण्याची वाट बघायची गरज नव्हती. मुलाला बापाकडून वाय मिळाला, तो निरोगी.

आता नावे उघडू. पहिल्या पिढीतले वर्तुळ म्हणजे ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया, आजार हिमोफिलिया. जखम झाली की रक्त गोठत नाही, सांध्यांत रक्त साठते, साधी ठेचही जिवावर बेतते. दुसऱ्या पिढीतला काळा चौकोन तिचा धाकटा मुलगा लिओपोल्ड. १८८४ मध्ये फ्रान्समधल्या कान येथे पडण्याचे निमित्त होऊन वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. तिच्या दोन लेकी वाहक होत्या, ॲलिस आणि बिअॅट्रिस. ॲलिसचा फ्रिट्झ म्हणजे फ्रीडरिश दोन वर्षांचा असताना १८७३ मध्ये खिडकीतून पडला आणि रक्तस्रावाने गेला. ॲलिसची मुलगी आयरीन प्रशियाच्या हाइनरिशला दिली. तो तिचा सख्खा मावसभाऊ, दुहेरी रेघ ती हीच. दुसरी मुलगी ॲलिक्स रशियाची झारिना झाली, तिचा अलेक्सेई हा सर्वांत प्रसिद्ध काळा चौकोन. बिअॅट्रिसची मुलगी स्पेनची राणी झाली आणि तिचे दोन मुलगे आजारी निघाले. लिओपोल्डच्या मुलीचा मुलगा रुपर्ट १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर गेला.

इथे एक कबुली तक्त्याच्या वतीने द्यायला हवी, कारण परीक्षेतले प्रश्न ती देत नाहीत. वर आपण प्रभावी पर्याय झटकून टाकला खरा. पण समजा दोष ऑटोसोमवरच आहे, प्रभावीच आहे आणि त्याचे लक्षण फक्त पुरुषांत दिसते. असे विकार असतात. मुलग्यांना फार लहानपणीच वयात आणणारा एक दुर्मीळ विकार या जातीचा आहे. मग आया पांढऱ्या दिसणारच, त्यांच्याकडून मुलग्यांत दोष जाणारच आणि आपला तक्ता जवळजवळ असाच दिसेल. फरक एकाच ठिकाणी कळेल: आजारी बापाच्या मुलग्यांत. ऑटोसोमवरचा दोष बाप मुलाला देऊ शकतो, एक्सवरचा कधीच नाही. आणि नेमकी याच जागी माहिती तोकडी आहे. हिमोफिलियाचे पुरुष त्या काळात बाप होण्याइतके जगतच नव्हते. अलेक्सेईला चौदावे वर्षही पुरे करू दिले नाही, १९१८ मध्ये सगळ्या कुटुंबाबरोबर त्याला गोळ्या घातल्या. लिओपोल्डला मुलगा झाला तो एकच. तो निरोगी निघाला, पण दुसऱ्या पर्यायातही तो निरोगी निघण्याची शक्यता निम्मी होतीच. एका पांढऱ्या चौकोनावर एवढा मोठा निकाल देता येत नाही.

निकाल शेवटी हाडांनी दिला. येकातेरिनबुर्गजवळ सापडलेल्या झार कुटुंबाच्या अवशेषांतून डीएनए काढून २००९ मध्ये संशोधकांनी तपासला. एक्स गुणसूत्रावरच्या, रक्त गोठवणारा घटक नऊ तयार करणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. झारिनाकडे बिघडलेली आणि चांगली अशा दोन्ही प्रती होत्या, अलेक्सेईकडे फक्त बिघडलेली, आणि त्याच्या एका बहिणीकडेही दोन्ही होत्या. म्हणजे ती मुलगी जगली असती तर पुढची वाहक होती. घटक नऊचा दोष म्हणजे हिमोफिलिया बी. जास्त आढळणारा प्रकार ए, तो घटक आठचा.

व्हिक्टोरियाकडे दोष आला कुठून, याचेही उत्तर पांढऱ्या खुणांतूनच शोधावे लागते. तिचा बाप केंटचा ड्यूक एडवर्ड हिमोफिलियाचा रोगी नव्हता. आईला आधीच्या लग्नापासून एक मुलगा होता, तोही निरोगी. म्हणून बहुतेक जाणकारांचा कल असा की दोष व्हिक्टोरियाला मिळालेल्या बीजात नव्याने घडला. ती जन्मली तेव्हा बाप ५१ वर्षांचा होता आणि वय वाढेल तसे पुरुषबीजात नवे बदल वाढतात, म्हणून संशय बापाच्या बाजूला अधिक जातो.

आता खऱ्या कामाकडे येऊ. आजाराची जात ओळखणे ही पहिली पायरी झाली. दवाखान्यात आलेली बाई विचारते ते वेगळेच असते: 'माझ्या भावाला होता. मग माझ्या मुलाला होईल का?' इथे पांढऱ्या चौकोनांची साक्ष काढावी लागते.

त्याच घराण्यातले उदाहरण घेऊ, आपल्या ओळखीच्या माणसाजवळचे. शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची आई व्हिक्टोरिया ही ॲलिसची थोरली मुलगी, झारिनाची सख्खी बहीण. आजीचेच नाव तिला ठेवलेले. गोंधळ नको म्हणून तिला माउंटबॅटनची आई म्हणू. ॲलिस वाहक होती हे नक्की. मग या मुलीला आईच्या दोन एक्सपैकी बिघडलेला मिळाला असेल, याची शक्यता निम्मी. तिला मूल होण्याआधी कोणी विचारले असते तर उत्तर १/२ एवढेच होते.

पण तिला पुढे दोन मुलगे झाले, जॉर्ज आणि लुई, दोघेही निरोगी. याने काही फरक पडतो का? पुष्कळ जण म्हणतात, नाही. जनुक पोटात असेल तर असेल, मुलगे कसे निघाले याने आईचे जनुक थोडेच बदलते? जनुक बदलत नाही हे खरे, पण त्याबद्दलची आपली माहिती बदलते. ती वाहक असती तर दोन्ही मुलगे निरोगी निघण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे १/४ होती. वाहक नसती तर दोघे निरोगी निघणारच होते.

तिच्यासारख्या ८ बायका डोळ्यांसमोर आणा, सगळ्या वाहक आईच्या मुली आणि प्रत्येकीला दोन मुलगे. त्यांतल्या ४ वाहक असतील, ४ नसतील. वाहक चौघींपैकी एकीचेच दोन्ही मुलगे निरोगी निघतील. वाहक नसलेल्या चौघींचे सगळे मुलगे निरोगी. तेव्हा दोन निरोगी मुलग्यांच्या आया एकूण ५, आणि त्यांत वाहक १. माउंटबॅटनच्या आईची शक्यता १/२ वरून १/५ वर आली. हे गणित ज्याच्या नावाने ओळखले जाते तो अठराव्या शतकातला इंग्रज पाद्री थॉमस बेज. जनुकांचे त्याला नावही माहीत असण्याचे कारण नव्हते.

तिची दुसरी बहीण एला हिला मूलच झाले नाही. तिची शक्यता म्हणून निम्म्यावरच थांबली. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच आईच्या, पण तक्त्यात एकीच्या खाली दोन पांढरे चौकोन आहेत आणि दुसरीच्या खाली काहीच नाही, म्हणून आकडे वेगळे.

माउंटबॅटनची बहीण ॲलिस हिच्याकडे हा हिशेब पुढे नेऊ. आईची शक्यता १/५, म्हणून मुलीची १/१०. तिला एक मुलगा झाला, निरोगी. तो हिशेबात घेतला की १/१० चे १/१९ होते. हा मुलगा म्हणजे राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप. आता बघा, आईबद्दल अजून १/१९ एवढी शंका आहे, पण फिलिपबद्दल काहीच नाही. पुरुषाकडे एकच एक्स असतो आणि तो निरोगी असेल तर त्याच्याकडे दोष नाही, शून्य. त्याच्या मुलाबाळांना त्या बाजूने काही येऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने, म्हणजे व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा सातवा एडवर्ड याच्याकडून येण्याचाही प्रश्न नाही, तोही निरोगी होता. ब्रिटिश गादीला या दोन पांढऱ्या चौकोनांनी वाचवले.

अप्रभावी दोषात हीच रीत थोड्या वेगळ्या वळणाने येते, आणि हे उदाहरण मात्र आपल्या घरचे घेऊ. एका मुलीच्या भावाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. मुलगी स्वतः निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता किती? घाईत निम्मी म्हटले जाते. आई-बाप दोघे वाहक आहेत, कारण भाऊ आजारी आहे. अशा जोडप्याच्या मुलांत चार शक्यता सारख्याच: दोन्ही प्रती चांगल्या, आईची बिघडलेली, बापाची बिघडलेली, दोन्ही बिघडलेल्या. पण मुलगी निरोगी आहे हे आपल्याला दिसते आहे, म्हणून चौथी शक्यता खोडली. उरलेल्या तिनांपैकी दोनांत ती वाहक आहे. उत्तर २/३. परीक्षेत सगळ्यांत जास्त मार्क याच ठिकाणी जात असावेत, कारण खोडायचे राहून जाते.

तिचे लग्न परक्या घरात झाले आणि समजा त्या समाजात २५ जणांत एक वाहक आहे, तर तिच्या मुलाला आजार होण्याची शक्यता २/३ × १/२५ × १/४, म्हणजे १५० त एक. शेवटचा १/४ कशाचा? दोघेही वाहक असले तरी दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत यायला हवी.

आता समजा तिला आत्याच्या घरी दिली. मामाची मुलगी हक्काची, ही रीत आपल्याकडे अनेक समाजांत अजून आहे. मुलीचा बाप नक्की वाहक आहे. त्याची बहीण, म्हणजे आत्या, वाहक असण्याची शक्यता निम्मी, कारण त्यांच्या आई-बापांपैकी एकाकडून तो दोष आलेला आहे. आत्याच्या मुलाची शक्यता त्याच्या निम्मी, म्हणजे १/४. हिशेब २/३ × १/४ × १/४, म्हणजे २४ त एक. दोष तोच, मुलगी तीच. नवरा २५ त एकाऐवजी चारांत एक एवढा वाहक असण्याची शक्यता आहे, म्हणून आकडा सहापटींहून अधिक वाढला. नात्यातल्या लग्नाबद्दल लोक एक तर घाबरवून सोडतात किंवा हसण्यावारी नेतात. दोन्हीपेक्षा हा हिशेब बरा. बाहेरच्या दोषाला नात्याने फरक पडत नाही, घरातल्या ठाऊक दोषाला पडतो. थॅलेसेमियात तर हिशेबावर थांबण्याचेही कारण नाही. हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करून वाहक आहे की नाही ते लग्नाआधीच कळते आणि २/३ च्या जागी बहुधा स्पष्ट हो किंवा नाही येते.

नातेवाइकांच्या लग्नांतून अप्रभावी दोष उघडे पडतात हे इंग्रज डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांच्या लक्षात आले होते. अल्कॅप्टोन्युरिया नावाच्या विकारात लघवी उघड्यावर राहिली की काळी पडते. रुग्णांचे आई-बाप निरोगी, पण पुष्कळदा सख्खे चुलत-आते-मामे, हे त्यांनी १९०२ मध्ये मांडले.

प्रभावी दोषाचे पहिले मानवी उदाहरण तीनच वर्षांनी आले. विल्यम फॅराबी यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका कुटुंबातली आखूड बोटे तपासली. आखूड बोटांच्या माणसाच्या मुलांत साधारण निम्म्यांची बोटे आखूड, मग मुलगा असो की मुलगी. आणि लांब बोटांच्या माणसांच्या मुलांत एकही नाही. इथे पांढरे ते खरोखर पांढरे. लांब बोटांच्या माणसाची शाखा तिथेच सुटली. इतका स्वच्छ तक्ता क्वचित मिळतो.

कारण सगळे प्रभावी दोष असे जन्मतःच दिसत नाहीत. हंटिंग्टनच्या आजारात हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, बुद्धीचा ऱ्हास ही लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतात. त्या कुटुंबातल्या पंचविशीतल्या मुलीची खूण पांढरी आहे ती केवळ तिची वेळ आली नाही म्हणून असेल. तिच्या पांढरेपणाची साक्ष जवळजवळ बिनकामाची, पण तीच मुलगी सत्तरीची होऊन निरोगी असती तर ती साक्ष भक्कम ठरली असती. म्हणून चांगला तक्ता काढणारा प्रत्येक खुणेखाली वय लिहितो. परीक्षेतले तक्ते वय लिहीत नाहीत, ही त्यांची मला सगळ्यांत खटकणारी उणीव आहे.

उलट प्रकारही असतो. आखूड हातापायांचे, ठेंगणे बाळ जन्मते, आणि आई-बाप दोघे सरळ उंचीचे. ॲकॉन्ड्रोप्लेझिया हा प्रभावी दोष आहे, तरी दहातली आठ बाळे अशाच आई-बापांची असतात, कारण दोष त्या बीजात नव्याने घडलेला असतो. वरच्या सगळ्या खुणा पांढऱ्या बघून कोणी त्याला अप्रभावी म्हटले, तर आई-बापांना पुढच्या बाळासाठी चारांत एक असा भलताच धाक बसतो. खरा धोका त्याहून फार कमी असतो.

आता सगळ्यांत अवघड तक्ता, आणि दवाखान्यात वारंवार येणारा. एकच काळा चौकोन, भोवती सगळे पांढरे. मुलाला हिमोफिलिया, आणि घरात, आजोळी, कुठेही कोणाला नाही. मामा ठणठणीत, मावसभाऊ ठणठणीत, आजीचे भाऊही. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश कुटुंबांत असेच असते. अशा मुलाची आई वाहक आहे का?

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये या प्रश्नाच्या मुळाशी असलेला हिशेब मांडला. पुढे १९५७ मध्ये ते कोलकात्यात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. हिशेब असा: एक्सवरचा असा दोष ज्यात पुरुष बाप होण्याआधीच मरतो, तो दर पिढीत विझत जायला हवा. समाजातल्या एकूण एक्सपैकी एक तृतीयांश पुरुषांकडे असतात, कारण त्यांच्याकडे एक आणि बायकांकडे दोन. म्हणजे दर पिढीत एक तृतीयांश बिघडलेले एक्स नाहीसे होतात. तरी आजार पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच राहतो, तेव्हा तेवढेच नवे बिघाड घडत असले पाहिजेत. आजारी मुलांपैकी एक तृतीयांश नव्या बिघाडाचे, उरलेल्या दोन तृतीयांशांच्या आया वाहक. म्हणून एकटा काळा चौकोन दिसला तर पहिला अंदाज २/३. आजकाल घटक आठ किंवा नऊ टोचून ही मुले मोठी होतात, बाप होतात, म्हणून हा आकडा आता नेमका लागू पडत नाही. पुरुषबीजातले बिघाड स्त्रीबीजापेक्षा जास्त असतात, त्यानेही तो वर सरकतो.

मग मामांची, निरोगी भावांची साक्ष घेऊन तो खाली आणायचा, माउंटबॅटनच्या आईचा आणला तसाच. आईला आणखी दोन निरोगी मुलगे असतील तर २/३ चे १/३ होते. त्यानंतर मुलाच्या रक्तातला नेमका बदल शोधतात आणि तोच बदल आईच्या रक्तात आहे का ते बघतात. नसला तरी डॉक्टर पुढच्या गरोदरपणात तपासणी सुचवतात, कारण कधी कधी बदल आईच्या रक्तपेशींत नसतो पण तिच्या काही बीजांडांत असतो. रक्त तपासून ते दिसत नाही. तक्त्यातही दिसत नाही, दुसरा मुलगा आजारी निघेपर्यंत.